नुसता ‘राम राम’ आला आणि पुढे काहीच नाही, तर?

रावेर तालुक्यातल्या एका केळी रोपांच्या नर्सरीत व्हॉट्सॲपचा नंबर मी सांभाळते. मृग बागेची लागवड जवळ आली की दिवसाला पन्नास-साठ नवे नंबर येतात, आणि त्यातले कितीतरी एकच शब्द टाकून गप्प होतात. ‘राम राम.’ ‘नमस्कार.’ ‘हॅलो.’ मग दिवसभर शांतता. अशा चॅटचं काय करायचं, यावर मला मिळालेला पहिला सल्ला होता, ‘दुर्लक्ष करा’. दुसरा होता, ‘दर दोन तासांनी आठवण द्या’. दोन्ही सल्ले देणाऱ्याने आयुष्यात कधी रोप विकलेलं नाही.

आधी नमस्काराला नमस्कार. जो आला तोच परत द्यायचा. राम रामला राम राम, दंडवत प्रणामला दंडवत प्रणाम, जय भीमला जय भीम, सलामला सलाम, सातपुड्याकडून जय आदिवासी आलं तर जय आदिवासी. सगळ्यांना एकच ‘नमस्कार, आपले स्वागत आहे’ फेकलं की समोरच्याला कळतं, इथे माणूस बसलेला नाही. बिझनेस ॲपमधला आपोआप जाणारा स्वागताचा मजकूर मी त्यासाठीच बंद ठेवलाय. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि 14 दिवस काही बोलणं झालं नसेल तर जुन्या गिऱ्हाइकालाही पुन्हा जातो. दहा वर्षं रोपं नेणाऱ्याला ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद’ म्हटलं की तो गप्पच होणार.

त्याच मेसेजमध्ये एक सोपा प्रश्न. ‘राम राम. रोपांचं विचारायचं होतं का? टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा.’ एवढंच. व्हॉइस नोटचं आठवणीने लिहा. निम्म्या वेळा माणूस गप्प असतो तो टाइप जमत नाही म्हणून. ‘राम राम’ नातवाने टाकून दिलेला असतो आणि नातू शाळेत गेलेला असतो. भाऊ, ताई, काका लगेच लावू नका. डीपीवर विठोबा असतो नाहीतर नातीचा वाढदिवस, त्यावरून काय कळणार?

मग थांबा, एक दिवस आणि एक रात्र. इकडे शेतीची लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीचा माणूस अकरा वाजता मोटारीजवळ बसून ‘राम राम’ टाकतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो. निळी टिक दिसली म्हणून त्याने वाचलं असं धरू नका, फोन पोरांच्या हातात असतो.

आता निरोपाचा मेसेज. इथे मी तोंडावर आपटलेय, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला मी कुठूनतरी उचललेलं वाक्य पाठवायचे: ‘आपला प्रतिसाद न मिळाल्यामुळे हे संभाषण बंद करण्यात येत आहे.’ यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ते सकाळी नऊला गेलं. अकराला ते स्वतः मोटारसायकलवर नर्सरीत हजर. रागावले नव्हते, ते जास्त वाईट होतं. फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, ‘ताई, माझं काही चुकलं का? मी तर फक्त राम राम घातला होता.’

त्या वाक्यात तीन चुका होत्या, आणि एकेक कळायला मला महिने लागले. ‘प्रतिसाद न मिळाल्यामुळे’ म्हणजे दोष त्यांचा. त्यांनी तर ओट्यावर येऊन हाक मारली होती, आपण पाणी विचारलं, एवढंच झालं होतं. पाण्याआधी कामाचं बोलायची इकडे रीत नाही. ‘बंद’ हा शब्द तर दार तोंडावर लावल्यासारखा. आणि ‘करण्यात येत आहे’ ही वीज तोडायच्या नोटिशीची भाषा. आपण कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोपाचा मेसेज तसा हवा.

मग मी उलट्या टोकाला गेले. ‘काही काम असेल तर सांगा’ लिहू लागले. हेही टाळा. बोलताना ते गोड लागतं, पण लिहिलेलं वाचताना ‘काम नसेल तर कशाला आलात’ असं ऐकू येतं. शेवटी प्रश्नचिन्हही नको. प्रश्न ठेवला की समोरच्यावर उत्तराचं ओझं येतं आणि तुमचं चॅट उघडंच राहतं. निरोपात विचारायचं नाही, सांगायचं.

आता मी जे पाठवते ते असं:

‘राम राम. काल तुमचा राम राम पोचला, बरं वाटलं. मी रोज 10 ते 6 याच नंबरवर असते. रोपं, दर, गाडी, जे विचारायचं ते सवडीने केव्हाही बोलून पाठवा.’

यात त्यांच्या गप्प बसण्याचा उल्लेख नाही, मुदत नाही, आणि पुढच्या वेळी काय पाठवायचं ते सांगितलंय. हा मेसेज संध्याकाळी सातच्या सुमारास टाकते, माणूस शेतातून घरी आलेला असतो. एकदाच. दुसरी आठवण म्हणजे मागे लागणं.

तुमचा नंबर साध्या ॲपवर नसून कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून चालत असेल, तर हा हिशोब थोडा बदलतो. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच तुम्ही मोकळं लिहू शकता, नंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूर जातो. म्हणजे निरोप बाविसाव्या-तेविसाव्या तासाला, पण मध्यरात्र येत असेल तर आदल्या संध्याकाळीच.

मग चॅट बाजूला काढा, पण नीट. लेबल लावा, मी ‘राम राम’ नावाचंच लेबल केलंय. अर्काइव्ह करणार असाल तर आधी सेटिंगमध्ये चॅट्सखाली `Keep chats archived` बंद करा. ते चालू असलं की नवा मेसेज आला तरी चॅट तळघरातच राहतं आणि फोन वाजत नाही. माझ्याकडे दोन एकरांची ऑर्डर, पाच बाय पाच फुटांवर म्हणजे साधारण 3,480 रोपं, अशी चार दिवस पडून होती. आधी फक्त ‘राम राम’, निरोप गेला, आठवड्याने त्यांची मिनिटभराची व्हॉइस नोट आली, आणि मी बघितलीच नाही. तोवर त्यांनी दुसरीकडून रोपं उचलली होती.

असा माणूस उशिरा परत आला तर ‘बरेच दिवसांनी आठवण झाली’ वगैरे गंमत करू नका. थेट रोपांवर या.

आणि निरोपाला उत्तर म्हणून पुन्हा नुसता ‘राम राम’च आला तर? येतो, खूपदा येतो. बहुतेकांना नंबर चालू आहे का एवढंच बघायचं असतं. तेव्हा हात जोडलेलं एक चित्र टाका आणि पुढचं चॅट उघडा.