विलायतेतल्या नातेवाइकाला विमानाची वेळ कळवताना या चुका टाळा

गोव्याहून मुंबईमार्गे लंडनला निघालेली माणसे घाईघाईत तिकिटाचा फोटो पाठवतात आणि काम झाले असे समजतात. न्यायला येणाऱ्याने त्या फोटोतून तारीख आणि टर्मिनल शोधत बसावे, ही अपेक्षा मला अजिबात पटत नाही. चार ओळी स्वतः लिहाव्यात.

सर्वांत महाग पडणारी चूक मध्यरात्रीनंतरच्या तारखेची आहे. आमच्या म्हापशाच्या मावशीने स्विंडनच्या भाच्याला लिहिले, "१४ डिसेंबरच्या रात्री दोन वाजता मुंबईहून निघते, साडेदहा तास लागतात, टर्मिनल २." आपल्या बोलण्यात ती रात्र १४ तारखेची असली, तरी तिकिटावर ते उड्डाण १५ तारखेचे होते. भाच्याने १४ च्या पहाटेचे दोन धरले आणि रजा काढून त्याच सकाळी हीथ्रो गाठले. मावशी तेव्हा घरी बॅगा भरत होती. फोनवर तारखेचा उलगडा झाला, पण टर्मिनलचा विषय कोणी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टर्मिनल २ वर उभा राहिला आणि मावशी टर्मिनल ५ वर उतरली, कारण तिने कळवलेले २ हे मुंबईत विमानात बसण्याचे टर्मिनल होते. हीथ्रोची ही दोन टर्मिनल चालत जाण्याजोगी जवळ नाहीत.

म्हणून मी उतरण्याची वेळ नेहमी तिथल्या घड्याळाप्रमाणे, तारीख आणि वार घालून लिहिते. तिकिटावर उतरण्याची वेळ स्थानिकच छापलेली असते, त्यामुळे त्यातून पुन्हा साडेपाच तास वजा करू नयेत. भारतीय वेळेवरून हिशेब करायचाच असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचाच असतो, हे विसरू नये.

मावशीचा निरोप मी असा लिहिला असता: "सोमवार, १५ डिसेंबर, लंडनच्या वेळेनुसार सकाळी ७ वाजता हीथ्रो (LHR) टर्मिनल ५ वर उतरते. त्याआधी मुंबईत पाच तासांचा थांबा आहे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत."

याखाली विमान क्रमांक द्यावा, तोही मुंबई–लंडन टप्प्याचा, कारण गोव्यातल्या मोपा विमानतळाहून सुटणाऱ्या विमानाचा माग काढून त्याला लंडनची वेळ कळणार नाही. थांबा कळवावा तो एवढ्यासाठी, की मोपाचे विमान दोन तास उशिरा सुटले तरी पुढचे मिळेल की नाही, हे त्याला घरबसल्या ताडता येते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय बहुधा स्वतःच करावी लागते. तसे असल्यास ते स्पष्ट लिहावे.

विमान उतरण्याची वेळ म्हणजे बाहेर येण्याची वेळ नव्हे. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांसाठी मी एक ते दीड तास धरायला सांगते. भारतीय सिम तिथे चालेलच असे नाही, म्हणून आगमन कक्षात नेमके कुठे भेटायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि निघण्याच्या दिवशी टर्मिनल पुन्हा एकदा तपासून कळवावे.