बॅडमिंटनच्या एका तासाचा खरा हिशेब कसा काढावा

चरबी कमी करण्यासाठी खेळू लागलेला माणूस हॉलमध्ये घालवलेला सगळा वेळ व्यायामात धरतो, आणि हिशेब तिथेच चुकतो. म्हणून पहिला आठवडा फक्त वेळ मोजावा. कोर्टवर उतरताना मोबाईलचे स्टॉपवॉच सुरू करावे आणि दुसऱ्याला जागा देऊन बाकावर बसताना ते थांबवावे. रत्नागिरीत आम्ही सहा जण एका कोर्टवर आलटून पालटून डबल्स खेळतो. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४० मिनिटे येतात.

आता आकडेमोड करावी. हौशी बॅडमिंटनला स्वस्थ बसण्याच्या साधारण साडेपाच पट ऊर्जा लागते. त्यातली एक पट बसूनही खर्च झालीच असती, म्हणून ती वजा करून साडेचार धरावी. साडेचारला वजनाने, म्हणजे समजा ७० किलोने, आणि ४० मिनिटांच्या दोन तृतीयांश तासाने गुणले की २१० कॅलरी येतात. खेळून परतताना एक वडापाव खाल्ला, तर बहुधा तेवढ्या किंवा त्याहून अधिक कॅलरी परत येतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आठवड्यातून तीन दिवस असे खेळून, आहार जराही न वाढवता, ती जायला साधारण १२ आठवडे लागतील. आकडा लहान वाटला तरी पुढचे नियोजन यावरच करावे.

खेळ संपल्यावर काट्यावर किलोभर वजन कमी दिसले, तर ते चरबीचे समजू नये. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, बनियन पिळून काढावे लागते, आणि उतरलेले ते वजन पाण्याचे असते. पाणी प्यायले की ते परत येते, आणि तसे ते यायलाच हवे.

क्रिकेटचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. ओहोटीला पुळणीवर दोन तास टेनिस बॉलचा सामना रंगला, तरी आपली फलंदाजी चालू असताना बहुतेक जण बसून असतात. क्षेत्ररक्षणाच्या एका तासाचे ७० किलोच्या माणसासाठी जास्तीत जास्त २६५ कॅलरी धराव्यात, आणि सीमारेषेवर नुसते उभे राहणाऱ्याने त्याच्या निम्म्याच. पाच-पाच जणांचे संघ करून प्रत्येकाने गोलंदाजी केली आणि धावा पळूनच काढल्या, तर हा खर्च नक्की वाढतो. मला स्वतःला हाच प्रकार सर्वांत आवडतो.

जाखडीसारख्या नाचाचा जोर गाण्याच्या लयीप्रमाणे बदलतो, त्यामुळे तिथे आकड्यापेक्षा श्वासावर विसंबावे. नाचताना बोलता येते पण गाता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम असतात. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर ते तीव्र समजावेत. हीच कसोटी बॅडमिंटनलाही लावावी: संपूर्ण डाव सहज गप्पा मारत खेळता आला, तर साडेचारऐवजी तीननेच गुणावे.