वायरमनला ‘शॉर्ट झालंय, लवकर या’ असा मेसेज पाठवताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका डेअरीवाल्या शेठचा मेसेज आला : “फ्रीजरमध्ये शॉर्ट आहे, लाईट जाते, लवकर या.” मी टेस्टर, पक्कड आणि एक जादा प्लगटॉप घेऊन गेलो. दोष निघाला दुकानाच्या पाटीत, बारा फुटांवर. शिडी घरी, वायरीतली गळती तपासायचा मेगरही घरी. दुसरा हेलपाटा झाला. त्याआधी फ्रिजवाला येऊन “कॉम्प्रेसर ठणठणीत आहे” असं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला होता, ते वेगळंच.

चूक कुठे झाली? शेठनी जे पाहिलं ते लिहिलं नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष लिहिला. फ्रीजर चालू झाला की लाईट जायची, हे त्यांनी पाहिलं होतं. ‘फ्रीजरमध्ये शॉर्ट’ हा झाला अंदाज. तो एकदा डोक्यात बसला की त्यात न बसणाऱ्या गोष्टी माणूस सांगतच नाही. चहाची इलेक्ट्रिक किटली लावल्यावरही एकदा असंच झालं होतं, हे मला तिथे गेल्यावर, तेही चहा पिताना कळलं! दोन वेगळ्या वस्तूंवर तेच होतंय म्हटल्यावर वस्तूपेक्षा वायरिंगवर संशय जातो.

दुसरी चूक ‘लाईट जाते’ या शब्दांत आहे. लाईट जाते म्हणजे नक्की काय पडतं? तुमच्या डीबीत, म्हणजे मेन स्विचांच्या डब्यात, अरुंद बटणांच्या एमसीबी असतात आणि बहुतेक ठिकाणी एक रुंद आरसीसीबी असतो. त्याच्यावर छोटं टेस्टचं बटण असतं, आपल्याकडे बरेच जण या आरसीसीबीला ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी जादा लोडने किंवा शॉर्टने पडते. आरसीसीबी पडतो तो करंट अर्थिंगकडे किंवा अंगाकडे गळायला लागला की, आणि त्याला ३० मिलिअँपिअरची गळतीही पुरते. दोन्हींचा शोध वेगळा, हत्यारं वेगळी. म्हणून बटण पडलं की ते वर करण्याआधी डीबीचा फोटो काढा. लोक आधी चारदा बटण वर करतात आणि मग फोन करतात. फोटोत सगळं आलबेल दिसतं.

तिसरी चूक सगळ्यांत महागाची : अलीकडे काय बदललं ते न सांगणं. शेठनी रविवारी नवी लाईटची पाटी बसवून घेतली होती. पाटी छान पेटत होती, शिवाय तिचं बटण बंद असतानाही आरसीसीबी पडत होता. मग पाटीचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. पण साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पाटीच्या पत्र्यातून आत गेलेला एक स्क्रू काळ्या वायरीत घुसला होता आणि पत्र्याला अर्थिंग होतं. म्हणजे न्यूट्रल अर्थला टेकला. चार एलईडी दिव्यांच्या लोडला काही जाणवायचं नाही. फ्रीजरचा कॉम्प्रेसर उचलताना जास्त करंट ओढतो. तो न्यूट्रलने परतताना त्यातला थोडा अर्थच्या वाटेने जायचा आणि आरसीसीबी पडायचा. बिचाऱ्या फ्रीजरवर उगाच आळ.

हाच मेसेज असा आला असता तर मी शिडी आणि मेगर घेऊनच निघालो असतो :

“दादा, डेअरीतला टेस्ट बटणवाला रुंद स्विच पडतोय, बाकीच्या एमसीबी वरच राहतात. फोटो पाठवलाय. सोमवारपासून सुरू झालं, दिवसातून सात-आठ वेळा. बहुतेक वेळा फ्रीजर चालू होताना पडतो, एकदा किटली लावल्यावरही पडला. फ्रीजरचा प्लग काढला तर दिवे-पंखे नीट चालतात. जळका वास नाही, शटरला शॉक लागत नाही. रविवारी नवी पाटी बसवली, ती बंद असली तरी पडतो. शेजारच्या दुकानात काही त्रास नाही. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं, तेव्हा सगळी लाईन बंद ठेवता येईल.”

एवढं लिहायला डीबीचं झाकण उघडावं लागत नाही, उघडूही नका. कोरड्या हाताने प्लग काढून पाहणं, बटण एकदा वर करून पाहणं, तुमच्याकडून इतकंच पुरे. लगेच पुन्हा पडलं तर तसंच राहू द्या आणि ‘लगेच पडतं’ हे लिहा.

मात्र जळका वास, ठिणग्या, शटरला किंवा फ्रीजरच्या पत्र्याला मुंग्या, किंवा दिवे एकदम प्रखर होऊन मंद होणं, यातलं काहीही असेल तर मेसेज टाइप करत बसू नका. हात पोचत असेल तर मेन बंद करा, त्या वस्तूपासून लांब व्हा आणि फोन करा.