वर्गातच सर्वेक्षण, वर्गातच स्तंभालेख: तास असा आखा

फळ्यावर पाच रंगांची नावं लिहायची, ‘तुमचा आवडता रंग आला की हात वर करा’ म्हणायचं, हात मोजून आकडे मांडायचे आणि मुलांना वहीत आलेख काढायला लावायचं. असा तास घेतला की मुलं स्तंभ छान रंगवायला शिकतात, एवढंच. मैत्रिणीचा हात वर गेला की हिचाही जातो, एखादा दोन्ही रंगांना हात वर करतो, आणि बेरीज पटाशी जुळली नाही की शिक्षक एखादा आकडा गुपचूप सरकवून घेतात. शिकण्यासारखं जे होतं ते त्या सरकवण्यात निघून जातं.

सलग दोन तासिका धरा. पहिलीत माहिती गोळा करायची, दुसरीत आलेख. दोन्ही एकात कोंबलं तर आलेख गृहपाठात जातो आणि घरचं कुणीतरी तो काढून देतं. ताळ्याच्या खुणा मुलांना येतात असं मी धरून चालतो.

प्रश्न

सहा-सात जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला आपला वेगळा प्रश्न ठरवू द्या. वजन, गुण, घरची मिळकत असले प्रश्न तिथंच थांबवा. आवडीनिवडीपेक्षा घडलेल्या गोष्टीचा प्रश्न बरा, कारण आवड शेजाऱ्याचं ऐकून बदलते.

समजा, वर्गात ३८ मुलं हजर आहेत आणि एका गटाचा प्रश्न आहे, ‘तू शाळेत कसा येतोस?’ वरवर यात काहीच खोट नाही. पण एखादी मुलगी थोडं चालून मग बस पकडते, एखादा कधी सायकलवर तर कधी स्कूटरच्या मागे बसून येतो. त्यांनी काय सांगायचं? प्रश्न ‘आज सकाळी सर्वांत जास्त अंतर तू कशाने आलास?’ असा केला की दोघांनाही एकच उत्तर उरतं. पर्याय ठेवा: चालत, सायकल, बस, दुचाकी, इतर. प्रत्येकाला एक पर्याय मिळाला पाहिजे आणि एकच मिळाला पाहिजे, ही कसोटी गटाने आधी आपल्याच मुलांवर लावून बघायची. बरीचशी उत्तरं ‘इतर’मध्ये जाऊ लागली तर पर्याय पुन्हा पाडायला लावा.

गोळा करणं: इथंच तास फसतो

‘उठा आणि सगळ्यांना विचारा’ हा सल्ला देणाऱ्याने तो बहुधा स्वतः वापरलेला नसतो. ३८ जणांनी बाकीच्या ३७ जणांना विचारायचं म्हटलं तर १४०६ वेळा प्रश्न विचारला जाईल, तोही एकाच खोलीत, एकाच वेळी. दहा मिनिटांत कोणी कोणाला विचारलं याचा पत्ता लागत नाही. या टप्प्याने मलाही सुरुवातीला चांगलंच छळलं. मुलं गोंगाट करतात म्हणून हे बिघडतं असं मला वाटायचं, पण मूळ दुखणं कागदावर असतं.

मुलं उत्तर ऐकताच थेट ताळ्याची खूण मारतात. खुणेवर नाव नसतं. शेवटी बेरीज ४० आली तर जास्तीच्या दोन खुणा कुणाच्या, हे शोधायला वाटच उरत नाही, आणि मग दोन खुणा खोडून आकडा ‘बरोबर’ केला जातो. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या तासिकेत ताळ्याच्या खुणांना बंदी असते. प्रत्येक गटाने १ ते ३८ हजेरी क्रमांकांची यादी करायची आणि क्रमांकासमोर उत्तर लिहायचं. कोणी गैरहजर असेल तर त्याचा क्रमांक आधीच खोडून ठेवायचा. खुणा नंतर, यादीवरून.

फिरण्याचीही शिस्त हवी. प्रत्येक गटातून एकच विचारणारा उठतो, बाकीचे जागेवर बसून उत्तरं देतात. सहा गट असतील तर विचारणारा आधी स्वतःच्या गटाची उत्तरं लिहितो, आणि तुम्ही टाळी वाजवली की सगळे विचारणारे एकाच दिशेने पुढच्या गटाकडे जातात. एका गटापाशी दोन ते तीन मिनिटं पुरतात. मात्र विचारणारे सगळे एकाच वेळी फिरत असल्यामुळे एकमेकांना भेटत नाहीत. फेरी संपल्यावर सहाही जणांना फळ्याजवळ उभं करून एकमेकांची उत्तरं घ्यायला लावा. हे राहिलं तर प्रत्येक यादीत पाच जागा रिकाम्या राहतात. एकच जागा रिकामी असेल तर आधी विचारणाऱ्याचाच क्रमांक बघा, तो स्वतःला मोजायला विसरलेला असतो.

आता गटातल्या दोघांनी यादीवरून वेगवेगळ्या खुणा मारायच्या आणि आकडे ताडून पाहायचे. आपल्या गटाचे आकडे असे आले: चालत १३, सायकल ९, बस ७, दुचाकी ६, इतर ३. बेरीज ३८. जुळली नाही तर दुसरी तासिका सुरू करू नका. यादी हातात असल्यामुळे चूक दोन मिनिटांत सापडते.

आलेख

आडव्या अक्षावर पर्याय, उभ्यावर विद्यार्थ्यांची संख्या. स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं, सुरुवात शून्यापासून. शीर्षक आणि प्रमाण लिहायचं.

एकच चूक पाळत ठेवून पकडायची आहे. काही मुलं उभ्या अक्षावर ०, २, ४ असं लिहिण्याऐवजी आपलेच आकडे चढत्या क्रमाने लिहितात: ३, ६, ७, ९, १३, प्रत्येकात १ सेमी अंतर ठेवून. मग ६ आणि ७ मधलं अंतर ९ आणि १३ मधल्या अंतराएवढंच दिसतं. दुरून ओळखू येतं: सगळे स्तंभ जिन्याच्या पायऱ्यांसारखे सारख्या उंचीने वाढत जातात. असा आलेख दिसला की खोडायला सांगू नका. चालत येणाऱ्यांचा स्तंभ ‘इतर’च्या किती पट उंच दिसतो ते मोजायला सांगा. पाच पट दिसेल. १३ आणि ३ बघून मूल स्वतःच थबकतं.

प्रमाण मुद्दाम १ सेमी = २ विद्यार्थी घ्यायला लावा. मग १३ चा स्तंभ ६.५ सेमीला संपतो आणि विषम संख्या दोन रेघांच्या मध्ये येते, हे हाताने करावं लागतं. १ सेमी = १ विद्यार्थी घेतलं तर प्रमाण लिहिण्याचं कारणच मुलांना कळत नाही. आकडे दोन रेघांच्या मधल्या जागेत लिहिलेत की रेघेवर, तेही बघा. मधे लिहिले असतील तर सगळे स्तंभ अर्ध्या घराने चुकतात.

वाचन

‘सर्वांत उंच स्तंभ कोणता’ हा प्रश्न एकदा विचारून सोडून द्या. त्याऐवजी हे विचारा: चालत न येणारे किती? सायकल आणि बस मिळून चालत येणाऱ्यांपेक्षा किती जास्त? स्तंभांचा क्रम बदलला तर काही बिघडेल का? आणि या पाच आकड्यांची सरासरी काढायला लावू नका. ३८ ला ५ ने भागून ७.६ येतात खरे, पण ते कशाचेच नाहीत, कारण ‘चालत’ आणि ‘बस’ यांच्या मधोमध काही नसतं.

शेवटी गटांनी आलेख आपसात बदलायचे. समोरच्या गटाचा प्रश्न झाकून, फक्त आलेख बघून तो प्रश्न काय असेल ते लिहायचं. ‘शाळेत कसे येतात’ एवढंच लिहून आलं आणि ‘आज’ किंवा ‘सर्वांत जास्त अंतर’ गळालं, तर शीर्षक अपुरं आहे. ते त्याच तासिकेत दुरुस्त करून घ्या.