रिक्रूटरला मेल लिहिताय? शिक्षण परिषदेपासून सुरुवात करा

दारव्ह्याकडच्या एका अनुदानित शाळेतल्या मित्राने ट्रेनरच्या जागेसाठी लिहिलेला मेल मला दाखवला. पहिलंच वाक्य: ‘मी 11 वर्षांपासून गणित शिकवतो, कृपया संधी द्यावी.’ रिक्रूटर इथंच थांबतो. त्याला मुलांना शिकवणारा नको, मोठ्यांना शिकवू शकणारा हवा असतो.

आता गंमत अशी, की हा गडी केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, दोन वर्षं इतर शिक्षकांना शिकवत होता, अन् मेलमध्ये त्याचा पत्ताच नाही! म्हणे, ते तर सरकारी काम. आम्ही सुरुवात बदलली:

‘गेल्या दोन वर्षांत 35 शिक्षकांसाठी ऑनलाइन हजेरी आणि निकालपत्रकावर 6 सत्रं घेतली. नंतर 4 शाळांत जाऊन ते प्रत्यक्ष वापरतात का, हे पाहिलं. जिथं अडलं तिथं पुन्हा बसून शिकवलं.’

यातलं दुसरं वाक्य जास्त कामाचं. शिकवल्यावर कामात फरक पडला का, हे तपासणं ट्रेनिंगवाल्यांच्या रोजच्या कामातच येतं. आकडे मात्र खरेच द्या, मुलाखतीत ‘कोणतं सत्र फसलं?’ असं विचारलं जाऊ शकतं.

विषयाच्या ओळीत ‘नोकरीसाठी अर्ज’ नको. ‘ट्रेनर पदासाठी: शिक्षक प्रशिक्षणाचा 2 वर्षांचा अनुभव’ असं लिहा.

शेवटी रुजू कधी होणार तेही सांगून टाका. अशा शाळेतल्या कायम शिक्षकाला राजीनाम्याआधी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मित्राने ते लपवलं होतं.