मन-, बर- आणि ‘बदलणे’

मराठीत ‘मी वेळ बदलली’ आणि ‘वेळ बदलली’, दोन्हीकडे क्रियापद एकच. इंडोनेशियनमध्ये तसं चालत नाही. मूळ शब्द ‘उबाह’. कुणीतरी काही बदललं तर मन- लावा: ‘साया मङुबाह जाद्वाल’, म्हणजे मी वेळापत्रक बदललं. ते आपोआप बदललं तर बर- लावा: ‘जाद्वाल बरुबाह’. या जोडीत कर्म असेल तर मन-, नसेल तर बर-.

मन- चा शेवट पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. स्वरापुढे ‘मङ-’ होतो, म्हणून ‘मङुबाह’. ‘मरुबाह’ खुद्द इंडोनेशियन लोकांच्या तोंडीही ऐकू येतं, पण प्रमाण भाषेत ते चूक. ‘बरुबाह’मधला र बर- चा आहे, तो मूळ शब्दात ढकलला की उरतं ‘रुबाह’, आणि रुबाह म्हणजे कोल्हा!

शब्दकोशात शोधताना खरी अडचण येते, कारण क, प, स, त ही सुरुवातीची व्यंजनं मन- लागताच सहसा गळतात. ‘तुलिस’चं ‘मनुलिस’ (लिहिणे), ‘पुकुल’चं ‘ममुकुल’ (मारणे). म्हणून ‘मङुकुर’ दिसलं तर दोन ठिकाणी पाहा: ‘उकुर’ म्हणजे मोजणे, ‘कुकुर’ म्हणजे खवणे. पुढे नारळ असेल तर बहुधा दुसरं.