एक बिल, दोन भाडेकरू: सबमीटरच्या रीडिंगवरून वाटणी कशी करावी

वाद होतात ते बहुतेक वेळा फरकाच्या युनिट्सवरून. दोन सबमीटरची बेरीज मेन मीटरइतकी क्वचितच येते, आणि राहिलेले युनिट कोणाच्या माथी मारायचे हे आधी ठरलेले नसते.

सुरुवात रीडिंगपासून करा. बिलावर मेन मीटरच्या रीडिंगची जी तारीख असते, त्याच दिवशी दोघांनी मिळून दोन्ही सबमीटरचे फोटो काढावेत. चार दिवस मागेपुढे झाले तरी हिशेब बिघडतो. वेगळ्या रंगाचा शेवटचा आकडा किंवा दशांश चिन्हापुढचा आकडा धरू नका. तो युनिटचा दहावा भाग असतो.

समजा, मेन मीटरवर 400 युनिट झाले. पहिल्या भाडेकरूचे सबमीटर 1,840 वरून 2,065 वर गेले, म्हणजे 225 युनिट. दुसऱ्याचे 135. बेरीज 360, फरक 40.

हे 40 युनिट कुठे गेले ते शोधाच. 750 वॅटचा पाण्याचा पंप रोज दीड तास चालला तर महिन्याला सुमारे 34 युनिट लागतात, आणि जिन्यातला 15 वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तर पाचेक. हिशेब जुळला. जुळत नसेल तर दोन्ही घरांतले सगळे बंद करून फक्त पंप लावा. एखाद्या सबमीटरचा दिवा लुकलुकू लागला, तर पंप त्याच्याच मीटरवर जोडलेला आहे आणि तो भाडेकरू दोघांचे पाणी एकटाच भरतो आहे.

आता पैसे. बिलातून जुनी थकबाकी आणि दंड आधी बाजूला काढा. उरलेले बिल 3,500 असेल आणि त्यात स्थिर आकार 300, तर तो निम्मा-निम्मा, म्हणजे 150 प्रत्येकी. बाकीचे 3,200 भागिले 400, म्हणजे युनिटला 8. फरकाचे 40 युनिटही निम्मे वाटा.

पहिला: (225 + 20) × 8 + 150 = 2,110
दुसरा: (135 + 20) × 8 + 150 = 1,390

बेरीज बरोबर 3,500. वापर वाढला की दर वाढत असेल, तर कमी वापरणाऱ्याला हा सरासरी दर खटकतो, आणि त्याचे म्हणणे खरे असते. पण स्वतंत्र टप्पे लावून केलेली बेरीज बिलाशी जुळत नाही, म्हणून मला सरासरीच योग्य वाटते.

बिलावरचे रीडिंग मेन मीटरशी जुळत नसेल, तर ते अंदाजे काढलेले असू शकते. अशा महिन्यात रक्कम सबमीटरच्या प्रमाणात वाटा आणि पुढच्या खऱ्या रीडिंगवर दुरुस्त करा.

घरमालकांना एवढे लिहा:

“नमस्कार. या महिन्याचे मेन मीटरचे युनिट 400, आमचे 225 आणि 135. राहिलेले 40 पंप व जिन्याच्या दिव्याचे दिसतात. ते आम्ही सध्या निम्मे वाटले आहेत. हा खर्च भाड्यात धरला असेल तर कृपया कळवावे. वाटणी 2,110 आणि 1,390. तिन्ही मीटरचे फोटो सोबत जोडले आहेत.”